टीममधल्या सहकाऱ्याची आई गेली. मॅनेजर म्हणून काय लिहू?

कोरी_पाटी

माझ्या टीममध्ये सहा जण आहेत. त्यातल्या एकीचा काल रात्री पावणेबाराला निरोप आला : "आई संध्याकाळी गेली. उद्यापासून येऊ शकणार नाही." मी झोपलो होतो, सकाळी सहाला वाचला. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी आहे, पण आम्ही पहिल्यापासून एकमेकांना 'तू' म्हणतो. तिच्या आईंना मी कधी भेटलो नाही. चार दिवसांनी महिनाअखेरचं क्लोजिंग आहे आणि त्यातला मोठा भाग तिच्याकडे असतो.

तासभर बसून खालचं लिहिलं. पाठवायच्या आधी इथे टाकतोय, कारण वाचताना कुठेतरी खटकतंय आणि नेमकं काय ते कळत नाही.

> आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाची बातमी ऐकून अतिशय धक्का बसला. या कठीण प्रसंगी मी आणि संपूर्ण टीम आपल्या पाठीशी खंबीरपणे उभी आहे. आपल्या भावना मी समजू शकतो. काळ हेच सर्व दुःखांवरचे औषध आहे. आईंना नेमके काय झाले होते? कामाची अजिबात काळजी करू नका, हवा तेवढा वेळ घ्या. काहीही मदत लागली तर निःसंकोच सांगा. फक्त साधारण कधीपर्यंत परत याल याची कल्पना दिलीत तर नियोजन सोपे जाईल. भावपूर्ण श्रद्धांजली.

शब्दवेल्हाळ

भावना चांगल्या आहेत, पण भाषेला थोडं वजन हवं. आमच्याकडे सूचनाफलकावर लावतो तो मजकूर असा असतो : "आमच्या सहकारी यांच्या मातोश्री यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो व कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याचे बळ देवो. शोकाकुल : सर्व कर्मचारी." त्यात नाव आणि तारीख घाला, काम होईल.

कोरी_पाटी

धन्यवाद, पण हे फलकासाठी नाही. मी एकटा, तिला एकटीला लिहितोय. फोनवर, जिथे तिने मला कळवलं तिथेच.

सरळरेषा

लिहूच नका. फोन करा. अशा वेळी माणसाला माणसाचा आवाज लागतो. माझे वडील गेले तेव्हा पन्नासएक मेसेज आले असतील, त्यातला एकही आठवत नाही. साहेबांचा दोन मिनिटांचा फोन मात्र अजून आठवतो.

उंबरठा

मी बावीस वर्षं एचआरमध्ये काढली. असे निरोप लिहिले, लिहून दिले आणि बरेच वाचले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फोनबद्दल. सरळरेषा यांचा अनुभव खोटा नाही, फोनची ऊब वेगळीच असते. पण घरात माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन वाजला की तो उचलावा लागतो. उचलला की बोलावं लागतं, आणि बोलताना स्वतःला सावरावं लागतं. आईच्या जाण्याची तीच हकीकत विसाव्यांदा सांगावी लागते. मेसेज तिला हवा तेव्हा वाचता येतो आणि न वाचता ठेवताही येतो. तिने तुम्हाला लिहून कळवलंय, तेव्हा तुम्हीही लिहा. फोनचं दार उघडं ठेवा, इतकंच.

आता मसुदा. तुम्हाला काय खटकतंय ते मला वाटतं असं आहे : यात दोन प्रश्न आहेत. "नेमके काय झाले होते" हा एक आणि "कधीपर्यंत परत याल" हा दुसरा. तुम्ही तिचे मॅनेजर आहात. तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायची तिला सवय आहे, आणि ती देईलही. रात्रभर जागून सकाळी ती आधी तुमचं नियोजन सोडवत बसेल. 'फक्त साधारण कल्पना' एवढं मऊ करून विचारलंत तरी प्रश्न हा प्रश्नच राहतो. त्याच्या दोनच वाक्यं आधी तुम्ही 'कामाची काळजी करू नका' म्हटलंय. वाचणारा शेवटचं वाक्य धरून ठेवतो.

'हवा तेवढा वेळ घ्या' हे लिहिण्याआधी मला सांगा, तुमच्या कंपनीत अशा प्रसंगी किती दिवस रजा मिळते?

कोरी_पाटी

खरं सांगायचं तर माहीत नाही. बघतो.

उंबरठा

मग तेच आधी. दहा वाजता एचआरला फोन करा आणि तोवर मोठा निरोप पाठवू नका. आत्ता फक्त तीन ओळी जाऊ द्या : "तुझा निरोप आत्ता वाचला. आई गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. आजचं सगळं मी बघतो." कळवल्यावर बराच वेळ काहीच उत्तर आलं नाही की माणसाला वाटतं, आपला निरोप पोचला की नाही, रजा धरली की नाही. ती शंका या तीन ओळींनी मिटते. बाकीचं दुपारी लिहा.

रानफूल

उंबरठा यांनी रजेचं काढलं म्हणून माझं सांगते. कुठली कंपनी ते सांगत नाही. माझे बाबा गेले तेव्हा मॅनेजरने सुंदर निरोप पाठवला होता. "ऑफिस विसरून जा, हवा तेवढा वेळ घे" असं त्यात होतं. मी खरंच विसरले. तिसऱ्या दिवशी हजेरीच्या सिस्टिममधून आपोआप मेल आला, की तुम्ही विनापरवानगी गैरहजर आहात, चोवीस तासांत खुलासा करा. मॅनेजरचा काही वाईट हेतू नव्हता. त्यांनी माझ्या नावाने रजा टाकलीच नव्हती, आणि ती मी टाकायची होती हे मला सुचलंही नव्हतं. नातेवाइकांनी भरलेल्या घरात एका कोपऱ्यात बसून मी खुलासा टाइप केला. पुढे त्यांनी दहादा माफी मागितली, पण तो सुंदर निरोप मला पुन्हा कधी उघडून वाचता आला नाही.

कोरी_पाटी

रानफूल, हे वाचून मी लगेच एचआरला गाठलं. आमच्याकडे अशा प्रसंगी पाच दिवस वेगळी रजा आहे. त्यापुढची तिच्या शिल्लक रजेतून जाते, आणि एकूण दोन आठवड्यांपर्यंत मी माझ्या अधिकारात मंजूर करू शकतो. तिच्या नावाने रजा मी टाकली आणि मंजूर केली. हजेरीचा मेल जाणार नाही याचीही खात्री करून घेतली. तीन ओळींचा निरोप सकाळीच गेला आहे. तिने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं, बाकी काही लिहिलं नाही.

तिसरा_मजला

मीही टीम सांभाळतो. मला वाटतं, ती कुठल्या अवस्थेत आहे ते पाहून लिहायला हवं. दुःखाच्या पाच अवस्था असतात : आधी नकार, मग राग, असं पुढे स्वीकारापर्यंत. ती आत्ता नकाराच्या अवस्थेत असणार. सगळं सांत्वन आत्ताच ओतलं तर ते पोचणार नाही. काही नंतरसाठी ठेवा.

उंबरठा

नंतरसाठी काही ठेवावं, हे पटतं. पण त्या पाच पायऱ्या इथे लावू नका. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. खऱ्या आयुष्यात माणसं त्या क्रमाने जात नाहीत. कोणी पहिल्याच दिवशी शांत असतं आणि चार महिन्यांनी कोसळतं. मॅनेजरने तर अवस्था ओळखायला जाऊच नये. 'तू आत्ता नकारात असशील' असं डोक्यात धरून लिहिलेलं वाक्य ओळखू येतं.

कोरी_पाटी

दुसरा मसुदा. प्रश्न काढले.

> आई गेल्याचं कळून फार वाईट वाटलं. रोज चार वाजता तू जिन्यापाशी जाऊन आईंना फोन करायचीस, औषध घेतलं का विचारायला, ते सारखं डोळ्यांसमोर येतंय. मातृछत्र हरपण्याचं दुःख मी समजू शकतो. तुमची पुढच्या दोन आठवड्यांची रजा मंजूर आहे. महिनाअखेरचं काम आम्ही सांभाळू. काहीही मदत लागली तर निःसंकोच सांग. भावपूर्ण श्रद्धांजली.

पाणवठा

एरवी मी इथे नुसती वाचते, लिहीत नाही. 'छत्र हरपलं' हे कृपया काढा.

माझ्या वडिलांशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते. ते गेले तेव्हा माझ्या साहेबांनी लिहिलं, "पितृछत्र हरपल्याचं दुःख शब्दांत मांडता येणार नाही. वडिलांचे आशीर्वाद सदैव तुझ्या पाठीशी राहतील." साहेब चांगले होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण मला त्या निरोपाला उत्तर देता येईना. 'हो' म्हटलं तर खोटं, आणि खरं सांगावं तर कुणाला? मला दुःख झालं होतं, खूप झालं होतं. पण ते त्या वाक्यातलं नव्हतं.

कोरी_पाटी

काढतो. माझ्या टीममधल्या तिचं आईशी छान होतं, निदान मला तसं दिसायचं. पण तुमचं म्हणणं समजलं. मला दिसायचं, एवढंच मला माहीत आहे.

उंबरठा

पाणवठा, लिहिलंत ते बरं केलंत. त्याच धाग्याने 'मी समजू शकतो'सुद्धा जाऊ द्या. ज्याचे आईवडील हयात आहेत त्याने लिहिलं तर ते खरं नसतं. ज्याचे गेलेत त्याने लिहिलं तर बोलणं त्याच्या दुःखाकडे वळतं. 'वाईट वाटलं' हे तुमच्याबद्दलचं आहे आणि खरं आहे. तेवढंच पुरे.

आता चार वाजताच्या फोनचं. मला कळतंय तुम्हाला ते का लिहावंसं वाटलं. तुमच्याकडे तिच्या आईची तेवढीच एक आठवण आहे. पण ती गोष्ट तिने तुम्हाला सांगितलेली नाही, तुम्ही पाहिलेली आहे. मॅनेजर रोज चार वाजता मला जाताना बघत होते, हे तिला आज कळावं का? शिवाय उद्या चार वाजणार आहेत, परवाही वाजणार आहेत. ती वेळ तिला तशीही टोचणार, त्यात तुमचं वाक्य कशाला? तिने स्वतःहून आईबद्दल कधी काही सांगितलं होतं का? अगदी लहानसं चालेल. नसेल तर काहीच लिहू नका, त्यात कमीपणा नाही. ओढून आणलेली आठवण नसलेलीच बरी.

कोरी_पाटी

एकदा सांगितलं होतं. दोनेक वर्षांपूर्वी तिने एका ताळेबंदातली मोठी चूक पकडली आणि मी कौतुक केलं. तेव्हा म्हणाली, "बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करायची, ही आईची सवय. लहानपणी तशी केल्याशिवाय वही मिटू द्यायची नाही."

उंबरठा

हे लिहा. तिच्याच शब्दांत, एका वाक्यात. पुढे 'किती थोर माऊली' वगैरे जोडू नका.

शब्दवेल्हाळ

मघाशी मी प्रश्न नीट वाचला नव्हता, क्षमस्व. भाषेचं मात्र एक सांगतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही गेलेल्या माणसाला वाहायची असते, मागे राहिलेल्याला नाही. मुलीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ती आली की पत्र मध्येच पत्ता बदलतं. फलकावर ती शोभते, कारण तिथे कुणा एकाशी बोलणं नसतं. 'दुःखद निधन'मधलं 'दुःखद'ही तिला कळवायची गरज नाही.

दुसरं, तुमच्या पहिल्या मसुद्यात 'आपल्या' आणि 'तुम्ही' होतं. आता 'तू' आलं, पण रजेच्या वाक्यात पुन्हा 'तुमची' झालंय. एरवी तू म्हणणाऱ्या माणसाने आज अचानक तुम्ही म्हटलं, तर ते आदराचं न वाटता लांबचं वाटतं, जणू खुर्ची बोलतेय. 'मातोश्री' नको. तिने 'आई' लिहिलंय, तुम्हीही 'आई' लिहा. 'आई गेल्या' की 'आई गेली' हा घोळही 'आई गेल्याचं कळलं' या वाक्यरचनेने आपोआप टळतो.

उंबरठा

शब्दवेल्हाळ यांचा मुद्दा मला स्वतःला इतका नेमका कधी सांगता आला नसता.

माझ्याकडून शेवटचे दोन. 'काहीही मदत लागली तर सांग' हे वाक्य काम तिच्यावरच टाकतं. काय लागेल ते तिने शोधायचं, ते साहेबांना सांगण्याइतकं योग्य आहे का ते ठरवायचं आणि मग मागायचं. कोणी मागत नाही. त्याऐवजी जे तुम्ही करून टाकलंय ते लिहा. 'सांभाळू' नको, 'सांभाळतोय' लिहा, आणि कोण सांभाळतंय तेही. तिच्या मनात क्लोजिंगचा विचार येणारच आहे. माणूस गेला म्हणून तो थांबत नाही, आणि येतो म्हणून तिला अपराधी वाटेल. नाव दिसलं की तो विचार सुटतो.

आणि टीमला काय सांगितलं आहे, हेही तिला कळू द्या.

तिसरा_मजला

टीमला काय सांगायचं, यावर माझं मत वेगळं आहे. कामाचं काहीच या निरोपात घालू नये. सांत्वन वेगळं आणि रजा, क्लोजिंग वेगळ्या मेलमध्ये. एकत्र आलं की शोकपत्राचा कामाचा कागद होतो. टीमचं म्हणाल तर सरळ सांगून टाकावं. नाहीतर कोणीतरी अजाणता तिला फाइल मागायला फोन करेल आणि हसत सुरुवात करेल.

उंबरठा

दोन वेगळे निरोप पाठवणारे चांगले मॅनेजर मी पाहिले आहेत, त्यामुळे ते चूक म्हणणार नाही. माझा कल एकाकडे, कारण दुसरा मेल तिला उघडावा लागतो. टीमबाबत मात्र मी अडून राहीन. तिने तुम्हाला सांगितलं आहे, बाकी पाच जणांना नाही. ती रजेवर आहे ही ऑफिसची माहिती आहे, पण आई गेली ही तिची. 'तिला फोन-मेल करू नका, जे लागेल ते मला विचारा' एवढं टीमला सांगितलं की फाइलचा फोनही जात नाही.

तिसरा_मजला

आणि टीमला इतर कोणाकडून कळलं आणि त्यांना वाटलं, की साहेबांनी आपल्याला परकं ठेवलं? सहा जणांची टीम म्हणजे रोजचा सहवास असतो हो. मला अजून पटलेलं नाही.

कोरी_पाटी

दुपारी दोनला हा पाठवला.

> आई गेल्याचं सकाळी वाचलं, तेव्हापासून तुझाच विचार मनात आहे. बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर, ही आईची सवय तू एकदा सांगितली होतीस. ती माझ्या लक्षात राहिली आहे.
>
> दोन आठवड्यांची रजा मी टाकून मंजूर केली आहे, तुला काही भरायचं नाही. क्लोजिंग मी स्वतः करतोय. तू रजेवर आहेस आणि तुला कोणी फोन करायचा नाही, एवढंच टीमला सांगितलं आहे. आईबद्दल तू म्हणशील तेव्हाच सांगेन.
>
> बोलावंसं वाटलं तर कुठल्याही वेळी फोन कर. याला उत्तर द्यायची गरज नाही.

पाठवताना एकदा वाटलं, फारच थोडं झालं. मग तसंच राहू दिलं. तिच्या कॅलेंडरमधल्या मीटिंगा काढल्या आणि मंजुरीचे जे मेल तिला आपोआप जातात ते माझ्याकडे वळवले.

सरळरेषा

निरोप चांगला आहे. तरी मी फोनच केला असता. माझे साहेब तेव्हा फार काही बोलले नाहीत, नुसतं "मी आहे" म्हणाले आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं मेसेजमध्ये लिहिता येत नाही.

पाणवठा

मला हा निरोप आला असता तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर द्यायची गरज नाही असं लिहिलंय म्हणूनच.

कोरी_पाटी

अडीच आठवड्यांनी परत लिहितोय. निरोपाला उत्तर आलं नव्हतं. आठव्या दिवशी तिने स्वतःच टीमच्या ग्रुपवर दोन ओळींत कळवलं. त्यानंतर एका सहकाऱ्याने मला एकट्याला गाठून विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?" त्याला वाईट वाटलं होतं. तिसरा_मजला, तुमची आठवण झाली. मी त्याला सांगितलं, की ते सांगणं माझ्या हातात नव्हतं. त्याला पटलं की नाही, सांगता येत नाही.

सोमवारी ती कामावर आली. माझ्या निरोपाबद्दल काहीच बोलली नाही, मीही काढलं नाही. क्लोजिंगचे कागद मागून घेतले आणि दुपारपर्यंत माझ्या दोन चुका काढून दाखवल्या.

एक विचारायचं आहे. चार वाजले की ती अजूनही उठते. फोन टेबलावरच राहतो. जिन्यापाशी जाऊन पाचएक मिनिटं उभी राहते आणि परत येते. तीनही दिवस पाहिलं. काही बोलू का?

उंबरठा

नको. बघताय हेही कळू देऊ नका. त्या वेळेत तिला कोणी काही मागणार नाही, एवढं बघा.

कोरी_पाटी

गुरुवारची टीम मीटिंग चारला असायची. ती साडेचारला नेली.